डुलका लागण्याआधीचे चार महिने

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, साखर संकुल, पुणे
आणि
बारामती व इंदापूर तालुक्यांतील साखर कारखान्यांचे अध्यक्ष, कार्यकारी संचालक व शेती अधिकारी

विषय : ऊस वाहतूक करणाऱ्या चालकांची झोप, जागरणाचे तास आणि हंगामातील अपघात

महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की परिवहन खात्याचे आणि पोलिसांचे लोक कारखान्यांच्या आवारात येतात. ट्रॉल्यांच्या मागे रिफ्लेक्टर लावले जातात, परवाने तपासले जातात, टेप मोठ्याने वाजवू नका, ट्रॉली शिगेच्या वर भरू नका, दारू पिऊन ट्रॅक्टर चालवू नका, असे चालकांना बजावले जाते. हे सगळे गरजेचे आहे. पण या सूचनांमध्ये एक प्रश्न कधी विचारला जात नाही : गड्या, तू शेवटचा कधी झोपलास आणि किती वेळ?

मी इंदापूर तालुक्यात वैद्यकीय व्यवसाय करतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर असे कारखाने आपल्या दोन तालुक्यांत एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर आहेत. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च इथला जवळजवळ प्रत्येक रस्ता रात्री उसाच्या ट्रॅक्टरांचा असतो. या काळात अपघात झाला की कागदावर कारण ठरलेले असते : चालकाने हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवले. बातमीत येते, चालकाला डुलका लागला. मला आपल्यापुढे असे मांडायचे आहे की फेब्रुवारीत स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाचे लक्ष, स्मरण आणि निर्णयशक्ती ही नोव्हेंबरमधल्या त्याच माणसाची राहिलेली नसते. हा बदल मेंदूत होतो, तो मोजता येतो, आणि ज्याच्यात तो होतो त्याला स्वतःला तो कळत नाही. म्हणून त्याच्या तासांचा हिशेब त्याच्यावर सोडून चालणार नाही. ज्यांच्या हाती यार्डाचे घड्याळ आहे, त्यांनीच तो ठेवायला हवा.

आधी हंगामाच्या भरातला एक दिवस तासांनी मांडतो. हा कोणा एका चालकाचा दिवस नव्हे. यार्डात नंबरला उभ्या असलेल्या कोणाहीजवळ बसून आपण या वेळा ताडून पाहू शकता.

सकाळी साडेसहाला चालक फडात उठतो. टोळी मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. भरणी चालू असेपर्यंत चालकाला ट्रॅक्टर पुढेमागे घ्यावा लागतो, शेवटी दोर ओढून ऊस बांधावा लागतो. दोन्ही ट्रॉल्या भरून तीनच्या सुमारास तो निघतो. कारखाना पंचवीस किलोमीटरवर असला तर पाचपर्यंत यार्डात पोचतो. मग नंबर. आवक जास्त असली तर सात-आठ तास तिथेच जातात. वजनकाट्यावर मध्यरात्रीनंतर एकला येतो, गव्हाणीजवळ ऊस खाली होतो, रिकाम्या ट्रॉल्यांचे वजन होऊन पावती हातात पडेपर्यंत अडीच वाजतात. परत फडात पोचायला चार. साडेसहाला टोळी पुन्हा भरणीला उभी राहते.

आता हिशेब पाहा. परतीच्या वाटेवर तो माणूस वीस तासांहून अधिक वेळ उठलेला असतो. सलग झोप मिळते अडीच तास. नंबरमध्ये बसल्याबसल्या काढलेल्या डुलक्या मिळून फार तर दीडदोन तासांची भर पडते. पण ती झोप तुटक असते, कारण पुढचा ट्रॅक्टर सरकला की यालाही सरकावे लागते, नाहीतर मागचा मध्ये घुसतो. म्हणजे दिवसाला चार-साडेचार तास, तेही तुकड्यांत. कोणत्याही एका दिवशी तगडा माणूस हे सोसतो. खरा प्रश्न असा की हे दिवसामागून दिवस चालले की काय होते.

या प्रश्नाचे उत्तर २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगाने फार स्पष्ट दिले. ४८ निरोगी, तरुण माणसांचे गट केले. एका गटाला रोज रात्री आठ तास झोपायला दिले, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. असे १४ दिवस. चौथ्या गटाला तीन रात्री अजिबात झोपू दिले नाही. दिवसभर ठरावीक अंतराने त्यांची एक साधी चाचणी घेतली जाई : पडद्यावर आकडा उमटला की लगेच बटण दाबायचे. दहा मिनिटे, दुसरे काही नाही. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला तर ती चूक धरायची. आठ तास झोपणाऱ्यांच्या चुकांत फारसा फरक पडला नाही. सहा तासवाल्यांच्या चुका रोज थोड्या थोड्या वाढत गेल्या आणि दोन आठवड्यांच्या शेवटी एक रात्र पूर्ण जागलेल्या माणसाइतक्या झाल्या. चार तासवाले तर दोन रात्री न झोपलेल्या माणसासारखे झाले.

चुकांचा आलेख चौदाव्या दिवशीही चढतच होता. या प्रयोगातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या लोकांना रोज हेही विचारले जात होते की तुम्हाला किती झोप येतेय. पहिले काही दिवस उत्तर वाईट येत गेले, मग ते तिथेच स्थिरावले. शेवटी शेवटी चाचणीत वाईट कामगिरी करणारी माणसे सांगत होती, थोडी सुस्ती आहे, बाकी ठीक. ज्या मेंदूने थकवा मोजायचा, तोच थकलेला असतो. जवळ ताज्या दिवसाची आठवण नसली की कालचा थकवा हाच नेहमीचा वाटू लागतो. आपला चालक जेव्हा म्हणतो, "काय नाय साहेब, सवय हाय," तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते. सवय होते ती वाटण्याची, चुका मात्र वाढत राहतात.

आता लक्षाबद्दल. थकलेल्या माणसाचे लक्ष सगळा वेळ सारखेच मंद असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते बरेचदा ठीक असते आणि मध्येच तुटते. काही सेकंदांसाठी मेंदूचा काही भाग झोपेत जातो. डोळे कधी मिटतात, कधी उघडेच राहतात, आणि समोरचे दिसत असूनही आत पोचत नाही. ताशी वीस किलोमीटरने चाललेला ट्रॅक्टर चार सेकंदांत बावीस मीटर पुढे जातो. एवढ्यात समोर उभी असलेली दुसरी ट्रॉली येते, साकव येतो, दुचाकीवर दूध घेऊन निघालेला माणूस येतो. दोन ट्रॉल्यांचे वजन मागे असताना ब्रेक उशिरा लागला की काय होते, ते आपल्याला मी सांगायला नको.

हे तुटणे कधी जास्त होते, हेही माहीत आहे. शरीराच्या आतल्या घड्याळानुसार पहाटे साधारण दोन ते पाच या वेळात जागेपण सर्वांत खाली असते. दुपारी जेवणानंतर एक छोटा उतार येतो. रस्ता एकसुरी असला की तुटणे वाढते. पाटसपासून बारामती, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरकडे जाणारा पालखी मार्ग आता रुंद आणि सरळ झाला आहे. दिवसा ही सोय आहे. पहाटे तीनला, वीस तास जागलेल्या माणसाला, आधी वळणे आणि खड्डे जागे ठेवत होते, तेही आता ठेवत नाहीत. त्यातही परतीची खेप जास्त धोक्याची असते. ट्रॉल्या रिकाम्या, वजनाची पावती खिशात, मनावरचा ताण उतरलेला, वेग थोडा वाढलेला आणि घड्याळात शरीराची सर्वांत वाईट वेळ. भरलेल्या ट्रॉलीवर सगळ्यांचे लक्ष असते, रिकाम्या ट्रॉलीकडे कोणी पाहत नाही.

मद्याशी तुलना करून पाहू, कारण मद्याचा नियम आपल्याकडे कायद्यात आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी हात आणि डोळ्यांच्या ताळमेळाची चाचणी तीच माणसे जागी ठेवून आणि मग त्यांनाच मद्य पाजून घेतली. सतरा तास जागा राहिलेला माणूस आणि रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेला माणूस यांची कामगिरी सारखी आली. चोवीस तासांना ती १०० मिलिग्रॅमच्या बरोबरीची झाली. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे वर मांडलेल्या दिवसातला चालक वजनकाट्यावर येतो, तेव्हाच कायद्याने ज्याला स्टिअरिंगवर बसू देऊ नये अशा माणसाइतका त्याचा ताळमेळ बिघडलेला असतो. फरक इतकाच की फुंकून घेण्याचे यंत्र शून्य दाखवते. आणि ते प्रयोगातले लोक आदल्या रात्री नीट झोपलेले होते, महिनोन्‌महिने अर्धपोटी झोपेवर राहिलेले नव्हते.

दुसरी गोष्ट स्मरणाची. थकलेला माणूस आपले गाव, शेत, नाव विसरत नाही. जुने, पक्के झालेले ज्ञान शाबूत राहते. ढासळते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे आत्ता, या क्षणी डोक्यात धरून ठेवायच्या चार गोष्टी. दुसरे म्हणजे थोड्या वेळाने करायचे म्हणून ठरवलेले काम. ट्रॉलीची पिन बसवली, पण तिची खीळ नंतर घालू म्हणून राहिली. उतारावर थांबताना चाकाखाली दगड लावायचा, मध्येच कोणी हाक मारली आणि तो राहून गेला. मागचा दिवा लागत नाही, फडात गेल्यावर वायर जोडू म्हटले आणि तीन रात्री तशाच गेल्या. यातली एकही चूक अज्ञानाची नाही. त्याला विचारले तर तो सगळे बरोबर सांगेल. म्हणून अशा चुका भाषणाने कमी होत नाहीत. ज्याला आधीच माहीत आहे त्याला पुन्हा सांगून काय होणार? तिथे निघण्याआधी दुसऱ्या माणसाने हात लावून पाहणेच उपयोगी पडते.

झोपेचे स्मरणाशी आणखी एक नाते आहे. दिवसभरात जे नवे कळले ते झोपेत पक्के होते. रस्त्याचे काम चालू असल्याने वळण बदलले, साकवाचा कठडा पडला, आवाराचे फाटक दुसऱ्या बाजूला गेले, ही माहिती दिवसा मिळते पण झोप अपुरी असेल तर मुरत नाही. पहाटे हात जुन्या वाटेनेच वळतात.

इथून तिसरी आणि मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट सुरू होते, ती निर्णयाची. कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे, त्याचे काम म्हणजे परिस्थिती बदलली हे ओळखून ठरलेला बेत बदलणे. दीर्घकाळ ताण राहिला की हा भाग मागे पडतो आणि सवयीने काम करणारी यंत्रणा पुढे येते. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली एका अभ्यासात मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर ताणाखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तपासले. एका गोष्टीवरचे लक्ष काढून दुसरीवर नेणे त्यांना इतरांपेक्षा जड जात होते, आणि मेंदूच्या प्रतिमांत कपाळामागच्या भागाचे इतर भागांशी असलेले दळणवळणही कमी झालेले दिसले. पोर्तुगालमध्ये २०१२ साली अशाच परीक्षार्थींवर झालेल्या अभ्यासात आढळले की ज्या कृतीचा फायदा आता उरलेला नाही, तीही ते सवयीने करतच राहतात.

हे आपल्या रस्त्यावर आणून पाहू. चालक रोज कालव्याच्या भरावावरच्या आडवाटेने हमरस्त्याला लागतो, दोन किलोमीटर वाचतात. आज संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला आहे, भराव मऊ आहे. ताजा माणूस वळणावर थांबतो, उतरतो, टाच रोवून पाहतो आणि लांबच्या वाटेने जातो. थकलेल्या माणसालाही पाऊस दिसतो, चिखल दिसतो, पण दिसणे आणि बेत बदलणे यांच्यामधला दुवा सैल झालेला असतो. तो नेहमीच्या वाटेने जातो. मागाहून विचारले तर त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, का गेलो. तीच गोष्ट आडवाटेवरून हमरस्त्यावर उजवीकडे वळताना. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा किती लांब आहे, दोन ट्रॉल्या पूर्ण पार व्हायला किती वेळ लागेल, हा अंदाज रोजचा आहे. थकल्यावर तो अंदाज "जमेल" या बाजूला झुकतो, कारण थांबून पुन्हा विचार करणे हेच सर्वांत कष्टाचे काम झालेले असते.

हा भार केवळ झोपेचा नसतो. २०१३ साली तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास आपल्या लोकांनी वाचावा असा आहे. त्याच शेतकऱ्यांच्या त्याच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या उसाचे पैसे हाती येण्याआधी आणि आल्यानंतर घेतल्या. पैशांची ओढाताण असताना चुका जास्त होत्या, पैसे आल्यावर कमी. या निष्कर्षांवर नंतर काही संशोधकांनी आक्षेपही घेतले आहेत, त्यामुळे आकड्यांवर मी जोर देणार नाही. पण दिशा आपल्या ओळखीची आहे. ट्रॅक्टरचा हप्ता आहे, टोळीला दिलेली उचल अंगावर आहे, मुकादमाने अर्धेच कोयते आणले आहेत, आणि खेपा कमी पडल्या तर हे काहीच फिटणार नाही. असे डोके घेऊन माणूस स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा रस्त्यासाठी त्यातले किती शिल्लक असते?

टोळीतल्या बायाबापड्यांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी असे आपण मोजतो, पण त्या जोडीतल्या बाईचा दिवस भाकरीपासून, म्हणजे अंधारातच सुरू होतो आणि ट्रॅक्टर रात्री आला तर भरणीही रात्रीच होते. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढणे हे तोल आणि लक्षाचे काम आहे. फळीवरून घसरणे, पायावर कोयता बसणे, या जखमांना आपण नशीब म्हणतो. त्या कोणत्या वेळी झाल्या, ती बाई किती तास उठलेली होती, याची नोंद कोणी ठेवत नाही.

"पट्टा पडला की झोपतील महिनाभर," असे म्हटले जाते. यात थोडे तथ्य आहे. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांचे लक्ष परीक्षा संपल्यावर महिन्याभरात पूर्वपदावर आले होते. म्हणजे हा बिघाड बहुतेक वेळा दुरुस्त होणारा आहे, ही आशेची बाजू. पण हंगामाच्या मध्ये त्याचा उपयोग नाही. २००३ मधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात आठवडाभर रोज पाच किंवा सात तास झोपवलेल्या लोकांना नंतर सलग तीन रात्री आठ-आठ तास झोपू दिले, तरी त्यांची कामगिरी मूळ पातळीवर आली नाही. झोपेचीही उचल असते, आणि कारखाना एक दिवस बंद राहिला म्हणून ती फिटत नाही.

चहा, तंबाखू, गुटखा यांनी काय होते, हेही लोक विचारतात. चहाकॉफीने काही तास झोप मागे सरते आणि बटण दाबण्याची चपळाई थोडी परत येते. बेत बदलण्याची शक्ती तशी परत येत नाही. त्यामुळे चहावर जागलेला माणूस जास्त सावध वाटतो आणि चुकीचा निर्णय ठामपणे घेतो.

एक मर्यादा मान्य करायला हवी. हे प्रयोग प्रयोगशाळेतले, निरोगी माणसांवरचे आहेत. आपल्या चालकांची चूक इतक्या टक्क्यांनी वाढते, असा आकडा यातून काढता येणार नाही. माणसामाणसांतही फरक असतो. काहींना जागरण खरोखर कमी बाधते, काहींना फार. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असा आजार असलेल्याला तर आठ तास झोपूनही पुरत नाही. पण कोणाला किती बाधते, हे त्या माणसाला विचारून कळत नाही, आणि म्हणूनच नियम सर्वांना सारखा असावा लागतो.

ओळखायचे कसे? मोठ्या चुकीआधी लहान चुका येतात, आणि त्या चालकापेक्षा चिटबॉयला आणि काट्यावरच्या लिपिकाला आधी दिसतात. पावती दुसऱ्याच गटाची पुढे करणे, सांगितलेले दोनदा विचारणे, नंबर पुढे सरकला तरी जागेवरच राहणे, काट्यावर ट्रॉली नीट न बसणे, मागे घेताना खांबाला लागणे, नुकत्याच पार केलेल्या रस्त्याचा तुकडा न आठवणे, क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर जाणे. यातल्या दोन-तीन गोष्टी एका रात्री दिसल्या तर त्या माणसाने परतीच्या वाटेला लागू नये.

आपली अडचण मला माहीत आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, साखर उतरते, आणि गाळप थांबले की पुन्हा सुरू करण्याचा खर्च मोठा असतो. गव्हाण चोवीस तास भरती ठेवावीच लागते. पण गव्हाणीला ऊस चोवीस तास लागतो, तोच माणूस चोवीस तास लागत नाही. आठ-आठ तासांच्या पाळ्या आपण आत, बॉयलरवर आणि पॅनवर लावतोच. फाटकाबाहेर मात्र पाळी नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा होता. चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा त्यात होती, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. एक-दोन ट्रॅक्टर असलेला आपला वाहतूकदार त्यातून निसटत असे. जिथे कायदा पोचत नाही, तिथे आपला तोडणी-वाहतूक करार पोचतो. तो करार आपण लिहिता.

त्या करारात आणि यार्डात पुढील बदल करावेत, अशी माझी मागणी आहे.

पहिला बदल रांगेचा. ट्रॅक्टर फाटकातून आत आला की त्याला क्रमांकाची चिठ्ठी द्यावी, ट्रॅक्टर उभा करून ठेवावा आणि क्रमांक दहा-दहाच्या गटाने ध्वनिक्षेपकावरून पुकारावेत. आवारातल्या आवारात ट्रॅक्टर सरकवायला कारखान्याचे दोन-तीन चालक पाळीने ठेवावेत. मग त्या सात तासांतले पाच तास चालकाला सलग झोपता येतील. यार्डाशेजारी पत्र्याची शेड, खाट, पाणी आणि डास मारण्याची सोय एवढे पुरे. नव्याने मजूर आणावे लागत नाहीत, गाळप थांबत नाही. वाया जाणारा वेळच झोपेचा होतो.

दुसरा बदल परतीचा. सतरा तास जागलेल्या चालकाला मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळात फाटकाबाहेर सोडू नये. हे तास मोजायला त्याच्या बोलण्यावर विसंबायचे नाही. फडातून निघताना चिटबॉयने उठल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी. ज्याला निघणे भागच आहे, त्याने आधी वीस-तीस मिनिटे झोपावे आणि उठल्यावर पंधरा मिनिटे थांबूनच ट्रॅक्टर चालू करावा, कारण झोपेतून उठल्याउठल्या मेंदू काही वेळ जडच असतो.

तिसरा बदल दराचा. आज पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, थांबण्याचे तास कोणाच्याच खात्यात पडत नाहीत. ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबावे लागले तर वाहतूकदाराला त्या तासांचा दर मिळावा. आपल्या खिशातून पैसे जाऊ लागले की तोडणीचा कार्यक्रम आणि आवक यांचा मेळ आपोआप बसू लागेल. लांबच्या खेपांसाठी एका ट्रॅक्टरला दोन चालक अशी अट घालून त्याचा भार दरात धरावा.

हे केल्याने चुका खरोखर कमी होतात का? बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात २००४ साली याची कसोटी झाली. अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या चोवीस तासांहून लांब पाळ्या एका वेळापत्रकात ठेवल्या आणि दुसऱ्यात काढून टाकल्या. विभाग तोच, रुग्ण तसेच, शिकाऊ डॉक्टरही तितकेच शिकलेले. लांब पाळ्यांच्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्के जास्त आढळल्या. तिथे कोणालाही जास्त काळजी घ्या म्हणून सांगितले नव्हते, फक्त तास बदलले होते.

आयुक्त साहेब, आपल्याकडे माझी वेगळी विनंती आहे. पुढच्या हंगामाच्या गाळप परवान्यासोबत सर्व कारखान्यांना एक नमुना पाठवावा. ऊस वाहतुकीतल्या प्रत्येक अपघाताच्या आणि फडातल्या प्रत्येक जखमेच्या नोंदीत तीन गोष्टी लिहिणे त्यात बंधनकारक असावे : माणूस शेवटचा सलग किती तास झोपला होता, घटना घडली तेव्हा किती तास उठलेला होता, आणि हंगामाचा तो कितवा आठवडा होता. या तीन रकान्यांना खर्च नाही. दोन हंगामांच्या नोंदी एकत्र केल्या तर कोणत्या तासाला आणि कोणत्या आठवड्याला माणसे पडतात, हे आपल्याच तालुक्यांच्या आकड्यांतून दिसेल, आणि तेव्हा पेनसिल्व्हेनियाचा दाखला देण्याची गरज उरणार नाही.

कारखान्यांच्या अध्यक्षांना आणि कार्यकारी संचालकांना विनंती अशी की हंगामापूर्वी वाहतूकदारांचे करार छापायला जाण्याआधी संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा. चिठ्ठीची रांग आणि झोपायची शेड, एवढ्या दोन गोष्टी येत्या हंगामातच एका कारखान्याने करून दाखवाव्यात. चालकांची तपासणी, चिटबॉयना थकव्याची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण आणि नोंदींचा अभ्यास यासाठी मी आणि माझे सहकारी विनामूल्य वेळ द्यायला तयार आहोत. बैठकीची तारीख कळवावी.

आपला,
इंदापूर तालुक्यातील एक डॉक्टर